टेपवरचा माणूस कागदावर उतरताना

‘तवा म्हंजे… ते पुराचं वर्ष, थोरली दहावीला होती बघा. पाणी उतरलं… म्हंजे उतरायलंय, शेतात अजून हाय. आन् साहेबांचा फोन. न्हाय, साहेबांचा न्हाय, ऑपरेटरचा, सबस्टेशनचा. म्हणला, फीडर चालू करायचाय. मी म्हणलं थांब, मी बघून सांगतो. असं… (पाच सेकंद शांतता) …मग जातो, बघतो तर डीपी एवढी पाण्यात. एवढी. वरचा जंपर तुटलेला. मग काय, परमिट घेतो, एबी स्विच ओढतो, अर्थिंग करतो, चढतो. पाय असा लटलट. भ्या वाटतंच की ताई. भ्या वाटत न्हाय म्हणणारा लाइनमन एक तर खोटं बोलतोय, न्हायतर नवीन हाय. मग ते जोडलं. म्हंजे दुसऱ्या दिवशी जोडलं. त्या दिवशी न्हाय जमलं.’

शिरोळ तालुक्यातल्या एका लाइनमनच्या मुलाखतीचा हा मिनिटभराचा तुकडा. हा लाइनमन आणि त्याचं बोलणं मी या लेखापुरतं रचलं आहे. त्यातल्या अडचणी मात्र खऱ्या आहेत. ज्यानं कुणी तासाभराचं रेकॉर्डिंग कानाला लावून कागदावर उतरवलं असेल, त्याला त्या सगळ्या ओळखीच्या वाटतील. दिवाळी अंकांत, रविवारच्या पुरवण्यांत कुणा डॉक्टरवर, सुतारावर, परिचारिकेवर जे लेख येतात त्यातले बरेचसे अशाच तुकड्यांतून तयार होतात. ते कसे होतात, आणि होताना माणूस कुठे हरवतो, ते या एका तुकड्यावरून दाखवता येईल.

आधी तो हरवतो कसा ते पाहू. वरचा तुकडा घाईतल्या लेखकाच्या हाती पडला तर छापून येईल ते साधारण असं: ‘महापुराच्या भीषण संकटात जिवाची पर्वा न करता, छातीभर पाण्यातून जात त्यांनी खांबावर चढून गावाचा वीजपुरवठा सुरळीत केला.’ वाक्य गुळगुळीत आहे. लाइनमनला ते वाचून बरंही वाटेल. पण त्यातलं जवळजवळ काहीच तो बोललेला नाही. तो पाण्यातून गेला असं त्यानं म्हटलेलं नाही. जिवाची पर्वा केली नाही, असं तर अजिबात नाही. पाय लटलटत होते, हे त्यानं स्वतःहून सांगितलं. आणि त्या दिवशी काम झालंच नाही. त्या दिवशी त्यानं जे केलं ते म्हणजे ऑपरेटरला थांबवलं. या व्यवसायात लागणारी अक्कल नेमकी त्या ‘थांब’मध्ये आहे, आणि सुबक वाक्यानं नेमकं तेच पुसून टाकलं.

म्हणून पहिलं काम लिहिण्याचं नसतंच, उतरवण्याचं असतं. तासाभराचं बोलणं हातानं टाइप करून काढायला चार-पाच तास सहज जातात. दोन माणसं एकदम बोलत असली, मागे मिक्सर चालू असला तर त्याहून जास्त. या कंटाळ्यापोटी बरेच जण ऐकता ऐकताच ‘शुद्ध’ करत उतरवतात. ‘साहेबांचा फोन, न्हाय, ऑपरेटरचा’ असं ऐकलं की सरळ ‘ऑपरेटरचा फोन’ लिहून मोकळे होतात. हे करू नये. पहिली प्रत जशीच्या तशी हवी: अडखळणं, चुकून दुरुस्त करणं, हसणं, थांबणं, सगळ्यासकट, आणि दर दोन-तीन मिनिटांनी रेकॉर्डिंगची वेळ समासात टाकून. काय गाळायचं हे ठरवायला सगळं समोर असावं लागतं. शिवाय पंधरवड्यानं ‘तो असं म्हणाला होता का?’ असा प्रश्न पडतो, तेव्हा समासातल्या वेळेवरून ती जागा अर्ध्या मिनिटात सापडते.

तरीही टेपवर सगळं येत नाही. ‘डीपी एवढी पाण्यात. एवढी.’ हे ऐकून काय कळणार? त्यानं हात कुठे धरला होता ते रेकॉर्डरला दिसत नाही. त्यासाठी वही लागते. माझ्या वहीत अशा जागी फक्त ‘हात – छाती’ एवढंच असतं. आता छातीएवढं पाणी होतं, की डीपीची पेटी छातीच्या उंचीवर होती आणि पाणी तिथवर आलं होतं, हा प्रश्न उरतोच. पण निदान तो विचारायचा आहे हे लक्षात राहतं. मराठीत समोरासमोर बोलताना ‘हे’, ‘ते’, ‘असं’, ‘एवढं’ यांवर आपण फार भार टाकतो. समोरच्याला सगळं दिसत असतं. वाचकाला काहीच दिसत नसतं.

याहून अवघड जागा क्रियापदाची आहे. मराठी माणूस रंगात येऊन घडलेली गोष्ट सांगायला लागला की वर्तमानकाळात शिरतो: ‘जातो, बघतो तर…’ रोजच्या कामाची रीत सांगतानाही तो तेच रूप वापरतो: ‘परमिट घेतो, स्विच ओढतो, चढतो.’ कानाला दोन्ही सारखंच लागतं. आता तुकडा पुन्हा वाचा. ‘जातो, बघतो तर डीपी पाण्यात’ हे त्या दिवशीचं आहे, यात शंका नाही. पण पुढचं ‘परमिट घेतो… चढतो’? ते त्याच दिवशीचं, की दुसऱ्या दिवशीचं, की ‘आम्ही नेहमी असं करतो’ या अर्थाचं? शेवटी ‘त्या दिवशी न्हाय जमलं’ असं तो म्हणतो, म्हणजे त्या दिवशी तो चढला नसावा. पण ‘नसावा’ यावर लेख लिहिता येत नाही. घाईतल्या लेखकानं इथे सगळ्या ‘-तो’चं ‘-ला’ केलं आणि पुराच्या पाण्यात उभ्या खांबावर माणूस चढवला.

उपाय साधा आहे. दुसरा फोन. मुलाखत उतरवून झाल्यावर, लिहायला बसण्यापूर्वी, प्रश्नांची छोटी यादी करून पुन्हा बोलायचं. अनुभवी लोक पहिली मुलाखत घेतानाच सांगून ठेवतात, ‘मामा, मी उतरवून काढल्यावर एकदा फोन करेन, काही कळलं नाही तर.’ या फोनचं बोलणंही रेकॉर्ड करायचं, अर्थात सांगून. आपल्या लाइनमनला विचारलं, ‘तुम्ही चढलात ते कधी?’ तर उत्तर आलं, दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी तो रस्त्यावरूनच बघून परत फिरला होता. पाणी पेटीच्या निम्म्यापर्यंत होतं, आणि हात छातीला लावला तो पेटीची उंची दाखवायला.

दुसरा प्रश्न त्या पाच सेकंदांच्या शांततेचा. थांबण्याच्या जागा बहुतेक वेळा गाळल्या जातात, कारण तिथे शब्दच नसतात. माझा अनुभव असा की विचारण्यासारखं नेमकं तिथेच काहीतरी असतं. प्रश्न सरळ विचारावा: ‘तुम्ही थांब म्हणालात, पुढं काय झालं?’ तो म्हणाला, ‘थांब म्हणलं खरं. पण आख्खं गाव लाइट कवा येती म्हणून बघत हुतं. पाण्याच्या टाकीची मोटर बंद. बाया कळश्या घिऊन उभ्या. मला म्हणायल्यात, तुला काय, तू बघून चाललास.’ आता कळतं की ‘थांब’ हा शब्द किती महागात पडला होता. पहिल्या फेरीत हे आलं नाही, कारण पहिल्या फेरीत मी ‘पुरात तुम्ही काय काम केलंत?’ असं विचारलं होतं. काम विचारलं की माणूस केलेलं काम सांगतो. न केलेलं सांगत नाही.

तिसरा प्रश्न तांत्रिक. त्यानं परमिट घेतलं आणि वर अर्थिंगही केलं. दोन्ही कशाला? परमिट म्हणजे सबस्टेशनकडून मिळालेली लेखी हमी, की ही लाइन बंद केली आहे आणि तू परत कळवेपर्यंत ती चालू होणार नाही. मग तारेला पुन्हा जमिनीशी जोडायची गरज काय? हे त्याला इतकं सवयीचं आहे की सांगावंसं वाटलं नाही. मला माहीत नव्हतं म्हणून मी विचारलं नाही. उत्तर असं, की लाइन सबस्टेशनकडून बंद असली तरी पलीकडून जिवंत होऊ शकते. गावात कुणी जनरेटर लावला आणि तो घरच्या मेन स्विचपासून नीट तोडलेला नसला, तर वीज उलटी ट्रान्सफॉर्मरकडे जाते. ट्रान्सफॉर्मर एरवी ११ हजार व्होल्टचे घरगुती व्होल्ट करतो. उलट दिशेनं तो घरच्या व्होल्टचे पुन्हा हजारो करून वरच्या तारेत चढवतो. पुराच्या दिवसांत, घरोघरी अंधार असताना, जनरेटर लावणारे असतातच. तार आधीच जमिनीला जोडलेली असेल तर ती वीज माणसातून न जाता जमिनीत उतरते. हे चार ओळींचं स्पष्टीकरण लेखात आलं की वाचकाला ‘भ्या वाटतंच की’ याचा अर्थ लागतो. नाहीतर ते वाक्य नुसता भावनेचा उद्गार राहतं.

व्यावसायिक माणसावरचा लेख आणि नुसतं गुणगान यांत फरक पडतो तो इथे. माणूस आपल्या कामातलं जे गृहीत धरतो ते वाचकासाठी उलगडावं लागतं, आणि ते लेखकानं स्वतःच्या वाक्यांत उलगडावं. ते लाइनमनच्या तोंडी घालू नये. ‘ट्रान्सफॉर्मर उलट दिशेनं व्होल्टेज वाढवतो’ असं वाक्य त्याच्या अवतरणचिन्हांत आलं, तर तो पाठ्यपुस्तकासारखा बोलू लागतो आणि त्याच्या बाकीच्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो.

आता वर्षाचं. ‘ते पुराचं वर्ष’ म्हणजे कुठलं? कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या माणसाला पूर एक नाही. २००५ चा आहे, ऑगस्ट २०१९ चा आहे, जुलै २०२१ चा आहे. आठवणीत ते एकमेकांत मिसळतात, आणि विचारलं तर माणूस बेधडक एक वर्ष सांगून टाकतो. अशा वेळी त्याला वर्ष विचारण्यापेक्षा त्याच्याच बोलण्यातला धागा ओढावा. थोरली दहावीला होती ना? मग तिची परीक्षा कशी झाली? तो म्हणाला, ‘तिचा भूगोलाचा पेपर झालाच न्हाय की, कोरोना आला.’ राज्यात दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला तो २०२० च्या मार्चमधला. म्हणजे मुलगी २०१९ च्या जूनपासून दहावीत होती, आणि पूर ऑगस्ट २०१९ चा. २०२१ चा असता तर तिनं २०२२ मध्ये सगळे पेपर दिले असते. माणसाला वर्ष लक्षात राहत नाही, पण मुलीचा बुडालेला पेपर राहतो.

एवढं झाल्यावर अवतरणचिन्हांचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते या सगळ्या कामातली खरी जबाबदारी तिथे आहे. बोललेलं जसंच्या तसं छापता येत नाही. तासाभरात सहा-सात हजार शब्द होतात, लेख दीड हजारांचा असतो. मग काय बदलायचं आणि काय नाही?

या प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत एक खटला गेला होता. १९८३ मध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात जॅनेट माल्कम यांनी जेफ्री मॅसन या मनोविश्लेषकावर दीर्घ लेख लिहिला. मॅसन यांनी दावा केला की अवतरणांत घातलेली काही वाक्यं आपण बोललोच नाही. माल्कम यांच्याकडे कित्येक तासांच्या टेप होत्या, पण वादातली काही वाक्यं टेपवर सापडत नव्हती. १९९१ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की शब्द बदलले एवढ्यानंच अवतरण खोटं ठरत नाही, बोलणं छापताना थोडा फेरफार होतोच. पण त्या बदलानं अर्थात लक्षणीय फरक पडत असेल तर लेखकाला त्याचा जाब द्यावा लागेल. पुढे १९९४ मध्ये ज्युरीनं माल्कम यांच्या बाजूनं कौल दिला. पण वेगवेगळ्या वेळचं बोलणं एकाच बैठकीत झाल्यासारखं मांडल्याची चर्चा मात्र त्यांच्या नावाला कायमची चिकटली.

कायद्याची ती रेषा फार सैल आहे. लेखकानं स्वतःसाठी अधिक घट्ट रेषा आखावी असं मला वाटतं. ‘म्हंजे’, ‘बघा’, ‘काय म्हणत्यात त्याला’ यांतले बरेच गाळता येतात. ‘साहेबांचा, न्हाय, ऑपरेटरचा’ मधली चूक त्यानं स्वतःच दुरुस्त केली आहे, ती दुरुस्त रूपात घेता येते. पण ‘बहुतेक’, ‘मला वाटतं’, ‘असं ऐकलंय’ हे गाळता येत नाहीत, कारण ते गेले की शंका असलेला माणूस ठाम होतो. दहाव्या मिनिटाचं वाक्य आणि पन्नासाव्या मिनिटाचं वाक्य एकाच अवतरणात सलग लावता येत नाही. मध्ये अवतरण बंद करून ‘नंतर बोलण्याच्या ओघात ते म्हणाले’ एवढं घालायला चार शब्द लागतात. आणि एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली लावणं हे तर सगळ्यात वाईट. त्यात एकही शब्द बदललेला नसतो, तरी अर्थ पूर्ण फिरतो.

मराठीत याची एक वेगळी, जुनी वाटही आहे, शब्दांकनाची. हंसा वाडकर यांचं ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन त्यांनी सांगितलं आणि अरुण साधू यांनी शब्दबद्ध केलं. श्याम बेनेगल यांचा १९७७ चा ‘भूमिका’ त्याच्यावरच बेतलेला. शब्दांकनात ‘मी’ सांगणाऱ्याचा असतो, लेखक पडद्याआड राहतो. वाचायला ते जास्त जिवंत वाटतं. पण तिथे सगळंच्या सगळं जणू अवतरणचिन्हांत असतं, आणि लेखकाला ‘हे त्यांना नीट आठवत नव्हतं’, ‘याची नोंद अशी सांगते’ असं म्हणायला जागाच उरत नाही. ट्रान्सफॉर्मर समजावून सांगायचा तर तो सांगणाऱ्याच्याच तोंडी घालावा लागतो. म्हणून तांत्रिक व्यवसायातल्या माणसावर लिहायचं असेल तर मी तृतीयपुरुषी लेखाची वाट धरते.

बोलीचं काय करावं? प्रमाण मराठीत सगळं ‘सुधारून’ घेतलं की शिरोळचा माणूस आणि सदाशिव पेठेतला माणूस एकाच आवाजात बोलतात. उलट सगळंच बोलीत छापलं की वाचक अडखळतो, आणि शिकलेल्या लेखकानं गावच्या माणसाची नक्कल केल्यासारखं दिसतं. मी साधारण असं करते की निवेदन माझ्या भाषेत, अवतरणं त्याच्या भाषेत. पण अवतरणं थोडी आणि निवडक. आणि एक पथ्य. तो ज्या शब्दांचा उच्चार प्रमाण मराठीसारखाच करतो, त्यांचं स्पेलिंग गावठी करायचं नाही. मुलाखतीच्या सुरुवातीला, रेकॉर्डर नवा असताना, हाच माणूस ‘वीजपुरवठा पूर्ववत करण्यात आला’ असं ऑफिसच्या कागदासारखं बोलत होता. ती वाक्यं खरीच आहेत, पण ती त्याची नाहीत, त्याच्या कार्यालयाची आहेत. विसाव्या मिनिटानंतर तो मोकळा झाला. घ्यायची ती तिथून पुढची.

आता लेखातला तो भाग असा होऊ शकेल:

‘ऑगस्ट २०१९. शिरोळ तालुक्यात पाणी ओसरू लागलं होतं, पण शेतं अजून बुडालेली होती. सबस्टेशनच्या ऑपरेटरनं फोन करून सांगितलं, फीडर चालू करायचाय. “मी म्हणलं थांब, मी बघून सांगतो.” ते गेले आणि रस्त्यावरूनच त्यांनी पाहिलं: डीपीची पेटी निम्मी पाण्यात, वरचा जंपर तुटलेला. ते परत फिरले. गावाच्या पाण्याच्या टाकीची मोटर बंद होती, बायका कळश्या घेऊन उभ्या होत्या. “मला म्हणायल्यात, तुला काय, तू बघून चाललास.” त्या रात्री गाव अंधारात राहिलं.

दुसऱ्या दिवशी पाणी पेटीखाली उतरलं. त्यांनी परमिट घेतलं, स्विच ओढला, तारेला अर्थिंग केलं, मगच खांबाला हात लावला. पाय लटलटत होते, असं ते सांगतात. “भ्या वाटत न्हाय म्हणणारा लाइनमन एक तर खोटं बोलतोय, न्हायतर नवीन हाय.”’

पुढचा परिच्छेद अर्थिंगच्या स्पष्टीकरणाचा. या लेखाची सुरुवात त्याच्या जन्मगावापासून आणि शिक्षणापासून करू नये. ते तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात दोन वाक्यांत येऊन जातं. सुरुवात ऑपरेटरच्या फोनपासून करावी, आणि मधल्या बाकीच्या गोष्टी, म्हणजे पहिली नोकरी, हाताखाली तयार झालेली पोरं, पावसाळ्यातल्या रात्री, या ‘आधी बघतो, मग सांगतो’ या स्वभावाशी जिथे जुळतात तिथेच घ्याव्यात. जुळत नाही ते कितीही रंगतदार असलं तरी वहीतच राहू द्यावं. तासाभराच्या टेपेतले तीन-चार चांगले किस्से गाळल्याशिवाय लेखाला कणा येत नाही, आणि गाळताना हळहळ वाटतेच.

एक किस्सा मात्र गाळायचा की ठेवायचा याचा निर्णय कण्यावर ठरत नाही. चाळिसाव्या मिनिटाला तो सहज बोलून गेला: ‘कवाकवा परमिटची वाट कोण बघतंय.’ म्हणजे परवानगी न घेता लाइनवर काम होतं. हे वाक्य छापलं तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. नाव गाळून फारसा उपयोग नाही. तालुका, पुराचं वर्ष, तीस वर्षांची नोकरी एवढ्यावरून त्याच्या विभागातला कुणीही त्याला ओळखेल. छापलं नाही तर लेखातला माणूस खोटा निर्मळ होतो, आणि धोक्याची एक खरी पद्धत झाकली जाते. इथे पहिलं काम म्हणजे अर्थ पक्का करणं: तो स्वतःबद्दल बोलला, की सगळ्यांबद्दल, की वीस वर्षांपूर्वीच्या दिवसांबद्दल? दुसरं, त्याला स्पष्ट सांगणं की हे छापलं तर काय होऊ शकतं. तो पत्रकार नाही. घरी चहा घेताना बोललेलं वाक्य वरिष्ठांच्या टेबलावर जाईल हे त्याच्या डोक्यातच नसतं. नोकरीत असलेल्या माणसानं प्रसारमाध्यमांशी बोलायला परवानगी लागते का, हेही खरं तर मुलाखतीआधीच विचारून घ्यायला हवं. तो नको म्हणाला तर मी ते वाक्य त्याच्या नावावर घालणार नाही. पण विषय सोडणारही नाही: निवृत्त झालेल्या दुसऱ्या कुणाशी बोलून, ही पद्धत का पडते, माणसं किती कमी आणि लाइनचे किलोमीटर किती जास्त, हे माझ्या वाक्यांत लिहीन. त्याला हे आधीच सांगेन, म्हणजे छापून आल्यावर त्याला धक्का बसणार नाही.

लेख छापण्याआधी त्याला दाखवायचा का, यावर संपादकांत दोन मतं आहेत. पूर्ण लेख दाखवला की माणूस, किंवा त्याचे घरचे, वाक्यं सोज्वळ करायला लागतात. मी लेख देत नाही. त्याची अवतरणं आणि तांत्रिक भाग फोनवर वाचून दाखवते. तांत्रिक चूक त्यानं सांगितली की बिनशर्त दुरुस्त होते. ‘मी असं म्हणालो नव्हतो’ म्हणाला तर टेप पुन्हा ऐकायची. ‘म्हणालो होतो, पण बरं दिसत नाही’ म्हणाला तर का बरं दिसत नाही ते विचारायचं. पाय लटलटल्याचं त्याला काढायचं होतं. पोरं काय म्हणतील, म्हणाला. मी त्याला त्याचंच पुढचं वाक्य वाचून दाखवलं, भ्या वाटत नाही म्हणणाऱ्याचं. मग म्हणाला, राहू द्या. नाही म्हणाला असता तर काढलं असतं. त्यात लोकहिताचं काही नव्हतं, फक्त त्याचा पाय होता.

यानंतरही एक टप्पा उरतो, आणि बहुतेक नुकसान तिथे होतं. जागा कमी पडली म्हणून उपसंपादक शेवटच्या क्षणी ओळी कापतो, आणि कापायला सगळ्यात सोपी ओळ म्हणजे ‘त्या रात्री गाव अंधारात राहिलं’. ती गेली की पहिला आणि दुसरा दिवस पुन्हा एक होतात आणि माणूस पुन्हा पुरात चढतो. मथळाही बहुतेक वेळा दुसराच कुणी देतो, लेख पूर्ण न वाचता, आणि तो ‘महापुराशी झुंजणारा प्रकाशदूत’ असा काहीतरी होऊन येतो. म्हणून लेख पाठवतानाच दोन मथळे सुचवून द्यावेत, कुठली ओळ काढली तर तथ्य बदलतं ते समासात लिहावं, कापायचंच असेल तर कोणता परिच्छेद सुखानं जाऊ शकतो तेही सांगावं, आणि पान लागल्यावर छपाईला जाण्याआधी एकदा बघायला मागावं. फोटोखालची ओळसुद्धा वाचावी. तिथे तारीख चुकण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.